सेन्सिटिव्हिटी ९६.६ टक्के: एका सिकलसेल अ‍ॅब्स्ट्रॅक्टच्या रिव्ह्यूचं प्रकरण

पार्श्वभूमी

नागपुरात थंडी पडली की मेडिकल कॉन्फरन्सचा सीझन सुरू होतो, आणि त्याच्या दोन-तीन महिने आधी आमच्यासारख्या शिकवणाऱ्यांच्या मेलवर अ‍ॅब्स्ट्रॅक्ट यायला लागतात, रिव्ह्यू करून द्या म्हणून. हे प्रकरण अशाच एका कम्युनिटी मेडिसिनच्या राज्यस्तरीय कॉन्फरन्सचं आहे. कॉलेज, तालुका, वर्ष, सगळं काढून टाकलंय. आकडेही थोडे हलवलेत, पण एका आकड्याचं दुसऱ्याशी जे नातं होतं ते तसंच ठेवलंय, कारण सगळा मुद्दा त्या नात्यातच आहे.

पद्धत नेहमीचीच होती. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट जास्तीत जास्त २५० शब्दांचं, त्यात बॅकग्राउंड, ऑब्जेक्टिव्ह, मेथड्स, रिझल्ट्स, कन्क्लूजन असे पाच कप्पे. रिव्ह्यू डबल ब्लाइंड, म्हणजे लेखक कोण ते आपल्याला दिसत नाही आणि आपण कोण ते त्यांना. एका अ‍ॅब्स्ट्रॅक्टला दोन रिव्ह्यूअर. फॉर्मवर तीन गोष्टींना पाचपैकी मार्क द्यायचे: रेलेव्हन्स, नॉव्हेल्टी आणि क्लॅरिटी. त्याखाली शिफारस (ओरल, पोस्टर की रिजेक्ट), मग लेखकांसाठी कमेंट आणि सगळ्यात खाली एक चौकोन फक्त सायंटिफिक कमिटीसाठी, जो लेखकांना दिसत नाही. हा शेवटचा चौकोन बहुतेक लोक रिकामाच सोडतात.

विषय होता सिकलसेल. विदर्भात राहून कम्युनिटी मेडिसिन करणाऱ्याला हा विषय टाळताच येत नाही. त्यात १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं, आदिवासी भागातल्या सात कोटी लोकांचं स्क्रीनिंग आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं त्याचं लक्ष्य, त्यामुळे त्यानंतर या विषयावरची अ‍ॅब्स्ट्रॅक्ट धडाधड येऊन राहिली आहेत. चांगलंच आहे ते. पण त्यामुळे रिव्ह्यूअरचं काम अवघड झालंय, कारण विषय महत्त्वाचा आहे म्हणून आपला हात आपोआप पाचच्या आकड्याकडे जातो.

अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये काय होतं

शीर्षक साधारण असं: आश्रमशाळेतल्या मुलांमध्ये सिकलसेल स्क्रीनिंगसाठी सोल्युबिलिटी टेस्टची एचपीएलसीशी तुलना.

जे या क्षेत्रातले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सोल्युबिलिटी टेस्ट म्हणजे एका छोट्या ट्यूबमध्ये बफरचं द्रावण असतं, त्यात सॅपोनिन (हे लाल पेशी फोडतं) आणि डायथायोनाइट (हे ऑक्सिजन काढून घेतं). त्यात रक्ताचा थेंब टाकायचा, काही मिनिटं थांबायचं आणि ट्यूबच्या मागे काळ्या रेघा मारलेला कागद धरायचा. रक्तात सिकल हिमोग्लोबिन म्हणजे एचबीएस असेल तर ऑक्सिजन गेल्यावर ते विरघळत नाही, द्रावण गढूळ होतं आणि मागच्या रेघा दिसत नाहीत. रेघा स्वच्छ दिसल्या तर निगेटिव्ह. टेस्ट स्वस्त आहे, गावात शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकूनही होते. पण पॉझिटिव्ह आलेला मुलगा नुसता वाहक आहे की रुग्ण, हे ती सांगत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारं एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस लागतं, आणि एचपीएलसीचं मशीन मोठ्या सेंटरलाच असतं.

रिझल्ट्स असे दिले होते. १,२४० मुलांची सोल्युबिलिटी टेस्ट केली, १८६ पॉझिटिव्ह. १७४ नमुन्यांचं एचपीएलसी केलं, त्यात १६८ मध्ये एचबीएस सापडलं: १५९ वाहक, ९ रुग्ण. सोल्युबिलिटी टेस्टची सेन्सिटिव्हिटी ९६.६ टक्के. मग एक वाक्य, जवळजवळ जाता जाता टाकलेलं: १६८ पैकी ६१ मुलांची आधी कधीतरी तपासणी झाली होती पण घरी रिपोर्ट किंवा कार्ड नव्हतं. आणि कन्क्लूजन: सोल्युबिलिटी टेस्ट अत्यंत संवेदनशील असल्याने निगेटिव्ह मुलांची पुढची तपासणी करायची गरज नाही.

भाषा स्वच्छ होती, कप्पे नीट भरले होते, टक्केवारी एका दशांशापर्यंत दिलेली. पहिल्या वाचनात कोणालाही वाटेल की हे तर सरळ ओरलला जाणार.

अडचण कुठे होती

मला अशी सवय आहे की अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये टक्केवारी दिसली की तिचा अंश आणि छेद कागदावर लिहून बघायचा. इथे ९६.६ कुठून आला ते शोधलं. १६८ भागिले १७४ केलं तर ९६.६ येतं. म्हणजे टेस्टनं ज्यांना पॉझिटिव्ह म्हटलं त्यातले किती खरे निघाले, हा तो आकडा. याला पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू म्हणतात. सेन्सिटिव्हिटी म्हणजे बरोबर उलट्या बाजूनं विचारलेला प्रश्न: ज्यांच्या रक्तात एचबीएस खरंच आहे, त्यातले किती या टेस्टनं पकडले?

आणि या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे असणं शक्यच नव्हतं. एचपीएलसी फक्त पॉझिटिव्ह नमुन्यांचं झालं होतं. उरलेल्या १,०५४ निगेटिव्ह मुलांपैकी एकाचंही झालं नव्हतं. त्यात किती वाहक सुटले हे कोणालाच माहीत नाही. समजा २० सुटले असतील तर (१८६ पैकी ज्या १२ पॉझिटिव्हचं एचपीएलसी झालंच नाही ते बाजूला ठेवून) सेन्सिटिव्हिटी १६८ भागिले १८८, म्हणजे ८९.४ टक्के. ५० सुटले असतील तर १६८ भागिले २१८, म्हणजे ७७.१. हाताशी असलेला डेटा अगदी तोच, एक आकडा न बदलता, आणि उत्तर ७७ पासून १०० पर्यंत कुठेही असू शकतं. याला व्हेरिफिकेशन बायस म्हणतात आणि डायग्नोस्टिक टेस्टच्या अभ्यासात ही चूक खूप वेळा दिसते, कारण फील्डवर काम असंच चालतं: पॉझिटिव्ह आलं तर पुढे पाठवा, निगेटिव्ह आलं तर घरी पाठवा. फील्डसाठी ते ठीक आहे. पण त्यातून सेन्सिटिव्हिटी काढता येत नाही.

हा नुसता स्टॅटिस्टिक्सचा काथ्याकूट नाही, म्हणून इथे थोडं थांबतो. सोल्युबिलिटी टेस्ट खोटी निगेटिव्ह कधी येते? हिमोग्लोबिन खूप कमी असेल तेव्हा, नुकतंच रक्त चढवलं असेल तेव्हा, आणि सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तेव्हा, कारण त्याच्यात अजून एचबीएफ म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असतं. आश्रमशाळेतली मुलं बाळं नाहीत, पण अ‍ॅनिमिया? तो तिथे भरपूर. म्हणजे ज्या मुलांमध्ये टेस्ट चुकण्याची शक्यता जास्त त्याच मुलांबद्दल लिहिलं होतं की निगेटिव्ह आलं की विषय संपला. वाहक मुलगी निगेटिव्ह म्हणून घरी गेली, दहा वर्षांनी तिचं लग्न दुसऱ्या वाहकाशी झालं, तर प्रत्येक बाळंतपणाला चारात एक शक्यता सिकलसेलच्या रुग्ण बाळाची. त्या वेळी घरचे म्हणतील, आमची तर तपासणी झाली होती.

बाकीच्या दोन गोष्टी छोट्या होत्या. १८६ पॉझिटिव्ह आणि एचपीएलसी १७४ चं, मग मधले १२ गेले कुठे, यावर एक शब्द नाही. आणि पालकांची संमती व एथिक्स कमिटीची मान्यता याचा उल्लेख नाही. मुलं हॉस्टेलला राहतात तेव्हा सही मुख्याध्यापकांची घेतली की आईवडिलांची, हे विचारावंच लागतं.

तीन निकषांवर मार्क देताना

रेलेव्हन्सवर मी अडलो नाही असं नाही. विषय सिकलसेल, जागा विदर्भ, कॉन्फरन्सचा भर गावपातळीवरच्या आरोग्यसेवेवर, म्हणजे पाच द्यायला काहीच हरकत नव्हती. पण मी स्वतःला एक प्रश्न विचारतो: हे ऐकून हॉलमधला माणूस सोमवारी कामावर गेल्यावर काय वेगळं करेल? इथे टेस्टच्या तुलनेचा भाग ऐकून तो चुकीचं काहीतरी करेल, म्हणजे निगेटिव्हकडे दुर्लक्ष. आणि ६१ मुलांचा भाग ऐकून तो आपल्या पीएचसीचं रजिस्टर काढून बघेल. एकाच अ‍ॅब्स्ट्रॅक्टचे दोन भाग, एक घातक आणि एक कामाचा. चार दिले.

नॉव्हेल्टीला जरा जास्त वेळ लागला. पबमेडवर विषयाचे तीन-चार शब्द टाकून पहिली दोन पानं चाळली तरी कळतं की या दोन टेस्टची तुलना नवी नाही, भारतातूनही नाही. भारतात सिकल जीन पहिल्यांदा नोंदवला गेला १९५२ मध्ये निलगिरीच्या भागात, तेव्हापासून या जीनवर काम चालू आहे. मग लेखक म्हणतात, पण आमच्या तालुक्यात कोणी केलं नव्हतं. हा युक्तिवाद दर कॉन्फरन्सला येतो आणि तो सरसकट फेकून देऊ नये असं माझं मत आहे. जागा नवी असणं हे नॉव्हेल्टीत तेव्हाच धरायचं जेव्हा जागा बदलल्यानं उत्तर बदलण्याचं काहीतरी कारण असेल. उदाहरणार्थ, त्यांनी लिहिलं असतं की या शाळांत अ‍ॅनिमिया जास्त म्हणून टेस्ट इथे कशी वागते ते बघितलं, तर तो खरंच नवा प्रश्न झाला असता. तसं काही नव्हतं.

नवं होतं ते त्या एका वाक्यात. ६१ मुलं, म्हणजे सापडलेल्यांपैकी ३६ टक्के, आधीच एकदा तपासली गेली होती आणि घरी कागद नव्हता. म्हणजे सरकारचा पैसा गेला, मुलाचं रक्त गेलं, आणि घरच्यांना काहीच माहीत नाही. स्क्रीनिंग किती झालं हे सगळे मोजतात. रिपोर्ट किती घरात पोचला हे मोजणारे फार कमी. मला ते वाक्य वाचून खरंच वाईट वाटलं की हा माणूस सोन्यावर बसलाय आणि लोखंड विकून राहिलाय.

पण फॉर्मवर नॉव्हेल्टीचा आकडा एकच. कशाला मार्क द्यायचे, जे लिहिलंय त्याला की जे लिहिता आलं असतं त्याला? मी ठरवलं की मार्क द्यायचे ते ऑब्जेक्टिव्हमध्ये जो दावा आहे त्यालाच. म्हणून दोन. ६१ मुलांबद्दल जे म्हणायचं ते कमेंटमध्ये. नाहीतर रिव्ह्यूअर आपल्या डोक्यातल्या अ‍ॅब्स्ट्रॅक्टला मार्क देतो आणि समोरचं तसंच छापलं जातं.

क्लॅरिटी म्हणजे इंग्रजी किती सफाईदार हे नाही. क्लॅरिटी म्हणजे वाचणाऱ्याला कोणाचं, काय, कसं मोजलं ते कळतं का, आणि शेवटचं वाक्य वरच्या आकड्यांतून निघतं का. इथे वाक्यं सुंदर होती पण १२ नमुने गायब, सेन्सिटिव्हिटीच्या नावाखाली दुसराच आकडा, आणि कन्क्लूजन रिझल्ट्समधून निघतच नाही. दोन दिले. दुसऱ्या रिव्ह्यूअरनं इथे पाच दिले होते हे मला नंतर कळलं.

मध्येच आलेला एक प्रश्न

मेथड्समध्ये एक ओळ होती, कुठल्या प्रकारच्या सेंटरला नमुने पाठवले आणि कुठल्या दिशेचा तालुका, आणि त्यावरून मला साधारण अंदाज आला की ही टीम कोणाची असावी. नागपूरचं हे असं आहे, मेडिकलच्या जगात सगळे एकमेकांना ओळखतात, ब्लाइंडिंग कागदावरच राहतं. टीममधल्या एकीला मी पूर्वी शिकवलं होतं असं वाटत होतं.

इथे दोन रस्ते होते. गप्प बसून रिव्ह्यू करायचा, कारण नाव तर दिसत नाही, किंवा कमिटीला सांगायचं. मी सांगितलं. सायंटिफिक कमिटीच्या चेअरपर्सन मॅडमना मेल केला: लेखक कोण याचा मला अंदाज येतोय, खात्री नाही, अलीकडे सोबत काम केलेलं नाही, तुम्ही म्हणाल तर सोडतो. त्यांचं उत्तर दुपारपर्यंत आलं. अलीकडच्या वर्षांत एकत्र पेपर किंवा प्रोजेक्ट नसेल तर चालू ठेवा, पण फॉर्मवर नोंद करा. नोंद केली. मला वाटतं हे सांगण्याचा फायदा असा झाला की पुढे मी जे कडक लिहिलं ते मोकळेपणानं लिहिता आलं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, रिजेक्ट. मुख्य निष्कर्षच चुकीचा आहे, त्यामुळे नियमानं बघितलं तर हेच. पण मग ६१ मुलांची गोष्ट कोणालाच कळली नसती, आणि टीमला कळलं नसतं की नेमकं चुकलं काय. रिजेक्टच्या मेलमध्ये अनेकदा कमेंट जातच नाहीत.

दुसरा पर्याय, ओरल द्या आणि चर्चेत कोणीतरी प्रश्न विचारेल. हा मला अजिबात पटत नाही. आठ मिनिटांच्या ओरलमध्ये दोन मिनिटं प्रश्नांना, त्यात कोणी पोरीला स्टेजवर आकड्यावरून धरलं तर तिचा अपमान, आणि कोणीच नाही धरलं तर चूक अ‍ॅब्स्ट्रॅक्टच्या पुस्तिकेत छापली जाते आणि पुढे कोणाच्या तरी थेसिसमध्ये जाते.

तिसरा, पोस्टर द्या आणि कमेंटमध्ये लिहा. अडचण ही की या कॉन्फरन्सला अ‍ॅब्स्ट्रॅक्ट सुधारून पुन्हा पाठवायची सोयच नव्हती. एकदा आलं की हो किंवा नाही. कमेंट वाचून कोणी सुधारलं तरी पुस्तिकेत जुनंच छापलं जाणार.

चौथा पर्याय फॉर्मवर नव्हता, तो मागावा लागला: अट घालून स्वीकारा. म्हणजे ठरावीक दिवसांत अमुक सुधारणा करून पाठवलं तर पोस्टर, नाहीतर नाही.

काय केलं

फॉर्मवर मी पोस्टर टिक केलं आणि कमिटीसाठीच्या त्या चौकोनात लिहिलं की हे सध्याच्या रूपात छापू नये, सेन्सिटिव्हिटीचा आकडा दिलेल्या डेटातून निघूच शकत नाही, कारण निगेटिव्ह नमुन्यांचं एचपीएलसी झालेलं नाही. सुधारायला चार-पाच दिवस देता येतील का ते बघावं. आकडेमोड तीन ओळींत मांडली, म्हणजे मॅडमना माझ्यावर विश्वास ठेवायची गरज पडू नये, त्यांनी स्वतः भागाकार करून बघावा.

लेखकांसाठीची कमेंट लिहायला जास्त वेळ गेला. 'मेथडॉलॉजी कमजोर आहे' असं लिहून हात झटकता येतात, पण त्यावर समोरचा करणार काय? मी इंग्रजीत लिहिलं होतं, मराठीत ते साधारण असं होतं:

'तुमच्या रिझल्ट्समधला ९६.६ टक्के हा आकडा १६८/१७४ आहे. ही पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू आहे. सेन्सिटिव्हिटी काढायला सोल्युबिलिटी निगेटिव्ह आलेल्यांपैकी काहींचं तरी, यादृच्छिक निवडून, एचपीएलसी लागेल. ते केलं असेल तर आकडे द्या. केलं नसेल तर सेन्सिटिव्हिटी हा शब्द आणि कन्क्लूजनमधलं निगेटिव्ह मुलांबद्दलचं वाक्य काढा. १८६ आणि १७४ मधल्या १२ नमुन्यांचं काय झालं ते लिहा. संमती कोणाची घेतली ते लिहा. आधी तपासणी झालेल्या ६१ मुलांची माहिती तुमच्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो. ही माहिती कशावरून घेतली, शाळेच्या रजिस्टरवरून की पालकांना विचारून, ते सांगा आणि शक्य असेल तर हाच मुख्य मुद्दा करा.'

हे शेवटचं वाक्य लिहावं की नाही यावर मी बराच विचार केला. रिव्ह्यूअरनं लेखकाचा अभ्यास आपल्या आवडीनं वळवू नये, हे खरं आहे. पण डेटा त्यांचाच होता, त्यांनीच लिहिला होता, मी फक्त कुठल्या ओळीवर बोट ठेवावं ते सांगत होतो. आणि 'शक्य असेल तर' म्हटलं, अट म्हणून टाकलं नाही. अटी वेगळ्या आणि सुचवणी वेगळी, हे लेखकाला स्पष्ट दिसलं पाहिजे, नाहीतर तो सगळंच घाबरून बदलतो.

दुसऱ्या रिव्ह्यूअरचे मार्क पाच, चार, पाच होते आणि शिफारस ओरल. इतका फरक आला म्हणून मॅडमनी दोघांनाही नावं न सांगता एकमेकांच्या कमेंट पाठवल्या. दुसऱ्यांनी आकडेमोड बघून लगेच मान्य केलं आणि क्लॅरिटीचे मार्क कमी केले, पण नॉव्हेल्टीचे चार तसेच ठेवले, त्यांचं म्हणणं की आश्रमशाळांमधला डेटा मिळवणं हेच अवघड काम आहे आणि त्याला किंमत द्यायला हवी. मला वाटतं अवघड असणं आणि नवं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यावर आमचं एकमत झालं नाही आणि कमिटीला ते व्हायची गरजही वाटली नाही.

मॅडमनी कमिटीत बोलून पाच दिवसांची मुदत दिली. पहिल्यांदाच दिली होती, म्हणून त्यांनी हे स्पष्ट केलं की ज्या ज्या अ‍ॅब्स्ट्रॅक्टला सुधारण्याजोगी एकच मोठी चूक आहे त्या सगळ्यांना ही मुदत मिळेल, एकट्याला नाही. हे मला फार आवडलं.

निकाल

सुधारलेलं अ‍ॅब्स्ट्रॅक्ट चौथ्या दिवशी आलं. निगेटिव्ह नमुने ठेवलेले नव्हते, त्यामुळे नवं एचपीएलसी शक्य नव्हतं. त्यांनी सेन्सिटिव्हिटी काढून टाकली, ९६.६ ला पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू म्हटलं आणि निगेटिव्ह नमुन्यांची एचपीएलसीनं पडताळणी झाली नाही हे एका वाक्यात सरळ लिहिलं. १२ पैकी सात मुलं दिवाळीच्या सुट्टीत घरी गेली ती पुन्हा नमुन्यासाठी सापडली नाहीत, पाच नमुने वाटेत खराब झाले. पालकांच्या लेखी संमतीचाही उल्लेख आला.

६१ मुलांचा भाग आता मधोमध होता. आधीच्या तपासणीची नोंद शाळेच्या आरोग्य रजिस्टरवरून घेतली होती. त्यांनी पालकांना फोन केले होते, ते पहिल्या मसुद्यात शब्दमर्यादेमुळे कापलं होतं: ४८ घरांशी बोलणं झालं, त्या सगळ्यांनी सांगितलं की निकाल आम्हाला कोणी कळवला नाही. १३ घरांचा फोन लागला नाही. नवं शीर्षक होतं, रिपोर्ट घरी का पोहोचत नाही. त्यावर मी एकच कमेंट पाठवली की 'का' याचं उत्तर तुमच्याकडे नाही, पोहोचला की नाही एवढंच तुम्ही मोजलंय. आणि एक गोष्ट अजून हवी होती: १,२४० पैकी एकूण किती मुलांची आधी तपासणी झाली होती? छेद तो असता तर आकडा जास्त पक्का झाला असता. ते त्यांच्याकडे नव्हतं, रजिस्टर त्यांनी फक्त पॉझिटिव्ह मुलांसाठी बघितलं होतं. तेही लिहून टाकलं.

पोस्टर म्हणून स्वीकारलं गेलं. माझे नवे मार्क चार, चार, चार. ओरल झालं असतं का? दुसऱ्या रिव्ह्यूअरना वाटत होतं व्हावं. माझ्या मते पोस्टरच बरोबर होतं, कारण छेद अपुरा होता. पोस्टरसमोर मी उभा राहिलो नाही, ओळख पटली असती म्हणून, पण मॅडमनी नंतर सांगितलं की दोन जिल्ह्यांच्या सिकलसेल कार्यक्रमाचे लोक तिथे बराच वेळ रजिस्टरबद्दल विचारत होते.

पुढच्या वेळी काय वेगळं करता येईल

फॉर्ममध्ये बदल सुचवले. टेस्टच्या अचूकतेवरच्या अ‍ॅब्स्ट्रॅक्टसाठी सबमिशनच्या वेळीच एक सक्तीचा रकाना असावा: निगेटिव्हपैकी किती नमुन्यांची पक्की तपासणी झाली? शून्य भरावं लागलं की लेखकाला स्वतःलाच कळेल. हे कमिटीनं मान्य केलं.

नॉव्हेल्टीच्या मार्कांखाली एक ओळ असावी, नवं नेमकं काय ते रिव्ह्यूअरनं एका वाक्यात लिहावं, असंही सुचवलं. माझा अनुभव असा की ते वाक्य लिहिता आलं नाही तर मार्क आपोआप खाली येतात. हेही झालं.

ब्लाइंडिंगसाठी मी म्हटलं होतं की तालुका आणि सेंटरचं नाव अ‍ॅब्स्ट्रॅक्टमधून काढायला लावा, स्वीकारल्यावर पुन्हा टाका. हे त्यांनी नाकारलं, कारण सार्वजनिक आरोग्यात जागा हीच माहितीचा भाग असते आणि ती काढली तर रेलेव्हन्स ठरवणार कसा. त्यांचं म्हणणं मला पूर्ण चुकीचं वाटत नाही. त्याऐवजी आता प्रत्येक रिव्ह्यूअरला सुरुवातीलाच विचारतात, लेखकांचा अंदाज येतोय का, हो किंवा नाही.

आणि एक जे मला अजून सुचत नाही ते म्हणजे शब्दमर्यादेचं काय करायचं. ४८ फोनची माहिती त्यांच्याकडे पहिल्यापासून होती आणि २५० शब्दांत बसवायला म्हणून तीच कापली गेली, बॅकग्राउंडमधल्या सिकलसेलच्या जागतिक आकडेवारीच्या तीन ओळी मात्र राहिल्या. बॅकग्राउंडला ४० शब्दांची वेगळी मर्यादा घाला असा प्रस्ताव या वर्षीच्या मीटिंगला ठेवलाय.